वहीतला आकडा चुकलाय की वापर वाढलाय?
वीजमीटरची हस्तलिखित वही तक्त्यात उतरवताना तारीख, रीडिंग, फरक आणि मधले दिवस असे रकाने करा. समजा, दर सात दिवसांची रीडिंग्ज अशी आहेत: ४०१०, ४०८०, ४९५०, ४२२०. फरक येतात ७०, ८७० आणि उणे ७३०. साधा मीटर मागे फिरत नाही. पण शेवटच्या दोन फरकांची बेरीज १४०, म्हणजे चौदा दिवसांत रोजचे १० युनिट, वापर नेहमीइतकाच. म्हणजे मधलंच रीडिंग संशयास्पद. वही पुन्हा बघा: ४१५० मधला १ घाईत ९ वाचला गेला असणार. मूळ नोंद पुसू नका, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात लिहा. उडीनंतर आकडा खाली आलाच नाही, तर मात्र तो बदलू नका. वापर खरंच वाढलेला असू शकतो.