गुरुवारची नाइट कोण करणार?

वॉर्डात नवी ड्यूटी लिस्ट लागली की प्रत्येक नर्स आधी आपली ओळ बघते आणि मग दुसऱ्यांच्या. कुणाच्या नाइटवर नेमका बहिणीचा साखरपुडा आलेला असतो, कुणाच्या मॉर्निंगला मुलाच्या शाळेत पालकसभा असते. रजा शिल्लक असते, पण वॉर्डात माणसं कमी असल्यामुळे ती मिळेलच याची खात्री नसते. मग उरतो तो चेंज: माझी ड्यूटी तू कर, तुझी मी करते. मी बरीच वर्षं वॉर्ड इनचार्ज म्हणून अशा लिस्ट बनवल्या. मला जे चेंज नाकारावे लागले, त्यांत कारण खोटं असल्याची उदाहरणं फारशी नव्हती. बहुतेक वेळा कारण पटण्यासारखंच असायचं, पण बदल्यात कोण, कधी, किती वेळ उभं राहणार याचा हिशोब अर्धवट असायचा.

हा हिशोब बाहेरच्या माणसाला वाटतो तितका सरळ नसतो. ड्यूटीच्या वेळा हॉस्पिटलगणिक बदलतात, पण बऱ्याच ठिकाणी मॉर्निंग सकाळी ८ ते दुपारी २, इव्हिनिंग २ ते रात्री ८ आणि नाइट रात्री ८ ते सकाळी ८ अशी विभागणी असते. म्हणजे मॉर्निंग आणि इव्हिनिंग सहा तासांची, तर नाइट बारा तासांची. शिवाय नाइट करून आलेल्या नर्सला दुसऱ्या दिवशी नाइट ऑफ मिळतो. त्यामुळे ‘एका ड्यूटीला एक ड्यूटी’ असा सौदा केला, तर एकीचे सहा तास वाढतात आणि दुसरीला नाइट न करताच तिचा ऑफ मिळून जातो. वर समोरची मैत्रीण संकोचामुळे काही बोलत नाही, आणि महिन्याभराने तीच ‘मला नेहमी गृहीत धरतात’ म्हणून वॉर्ड बदलून मागते.

एक उदाहरण घेऊ. नावं कल्पित आहेत, ओळी मात्र कुठल्याही ड्यूटी लिस्टमध्ये सापडतील अशाच. वैशाली मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. तिला १२ मार्च, गुरुवारची नाइट आहे. शुक्रवारी नाइट ऑफ, शनिवारी मॉर्निंग, रविवारी इव्हिनिंग आणि सोमवारी साप्ताहिक सुट्टी. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी आहे आणि ७ वाजता आईला घेऊन तिथे हजर राहायचं आहे. नाइट संपणार ८ वाजता. पुढे प्रत्येक बेडपाशी उभं राहून ओव्हर द्यायची, म्हणजे निघेपर्यंत साडेआठ. ही वेळ जुळणं शक्य नाही.

वैशालीला पहिली आठवली शीतल, कारण शीतल कधी नाही म्हणत नाही. शीतलला शनिवारी नाइट आहे, म्हणजे नाइटला नाइट, हिशोब बरोबर. पण दोघींच्या पूर्ण ओळी शेजारी ठेवल्या की अडचण दिसते. शीतलला गुरुवारी इव्हिनिंग आणि शुक्रवारी मॉर्निंग आहे. तिने गुरुवारची नाइट घेतली, तर ती गुरुवारी दुपारी २ पासून शुक्रवारी दुपारी २ पर्यंत, म्हणजे सलग चोवीस तास वॉर्डात राहील. शेवटच्या सहा तासांत ती इंजेक्शनं भरेल, इन्सुलिनचे युनिट मोजेल. शीतल हो म्हणाली तरी हा चेंज मागू नये. वैशालीची बाजूही बिघडतेच: शनिवारी मॉर्निंग, त्याच रात्री नाइट आणि रविवारी दुपारी पुन्हा इव्हिनिंग.

म्हणून बदलायची तेवढी ड्यूटी न बघता तिच्या आधीची आणि नंतरची ड्यूटीही बघावी लागते. त्या दृष्टीने ज्योतीची ओळ चांगली बसते. ज्योतीला बुधवारी इव्हिनिंग, गुरुवारी मॉर्निंग, शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी, शनिवारी इव्हिनिंग, रविवारी नाइट आणि सोमवारी नाइट ऑफ आहे. दोघींनी गुरुवार-शुक्रवारचे दोन्ही दिवस जोडीने बदलले, तर वैशाली गुरुवारी मॉर्निंग करून शुक्रवारी सुट्टी घेईल आणि ज्योती गुरुवारी नाइट करून शुक्रवारी नाइट ऑफ घेईल. ज्योती बुधवारी रात्री ८ ला सुटलेली असेल, तिला मध्ये पूर्ण चोवीस तास मिळतात. पण तिचे सहा तास वाढले आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस झोप काढण्यात गेला. त्याची परतफेड रविवार-सोमवारी होते: ज्योतीची रविवारची नाइट वैशाली करेल आणि सोमवारी नाइट ऑफ घेईल, ज्योती वैशालीची रविवारची इव्हिनिंग करेल आणि सोमवारी सुट्टी घेईल. बेरीज केली तर गुरुवार ते सोमवार दोघींचे तास आधीही चोवीस होते आणि नंतरही चोवीसच राहतात. एक नाइट, एक साप्ताहिक सुट्टी दोघींच्याही वाट्याला येते.

आता विचारायचं कसं? आधी ज्योतीला, एकटीला, आणि वॉर्डच्या ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकलेल्या विनंतीला सगळ्या गप्प राहतात किंवा एखादी नवीन मुलगी सीनिअरचा मान ठेवायचा म्हणून हो म्हणते. वैशालीचा निरोप साधारण असा असावा:

‘ज्योती, १३ मार्चला, शुक्रवारी सकाळी ७ वाजता आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं आहे. माझी १२ ची नाइट (१२ ला रात्री ८ ते १३ ला सकाळी ८) आहे. ती तू करशील का? तुझी १२ ची मॉर्निंग मी करते. त्याबदल्यात तुझी रविवार १५ ची नाइट मी करेन, तू माझी १५ ची इव्हिनिंग कर. म्हणजे तुझी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारऐवजी सोमवारी १६ ला येईल. तुला जमत नसेल तर मोकळेपणाने सांग, मी दुसरीला विचारेन. सोमवार ९ पर्यंत कळव, म्हणजे मॅडमना सांगता येईल.’

यात नाइटच्या दोन्ही तारखा लिहिल्या आहेत, त्या उगाच नाहीत. ‘१३ ची नाइट’ म्हटलं की एकीच्या डोक्यात १२ ला रात्री सुरू होऊन १३ ला संपणारी ड्यूटी असते आणि दुसरीच्या डोक्यात १३ ला रात्री सुरू होणारी. हा घोळ समजतो तो रात्री ८ वाजता, जेव्हा नाइटला कुणीच उगवत नाही. इव्हिनिंगची नर्स ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडू शकत नाही. तिची शेवटची बस जाते आणि इनचार्जचे फोन सुरू होतात. ‘बघते’, ‘जमेल बहुतेक’ ही उत्तरंही अशीच घात करतात. उत्तर स्पष्ट ‘हो, करते’ असं आलं नसेल, तर चेंज ठरलेला नाही असंच धरावं.

ज्योतीचा होकार आला तरी ड्यूटी अजून वैशालीचीच आहे. इनचार्जकडे गेलेल्या अर्जात कारण एका वाक्यात, दोन्ही ड्यूट्या, परतफेड आणि दोघींच्या सह्या असाव्यात:

‘मॅडम, १३ मार्चला सकाळी ७ वाजता आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि सोबत मीच आहे. त्यामुळे १२ मार्चची माझी नाइट सिस्टर ज्योती करतील, त्यांची १२ ची मॉर्निंग मी करेन. १५ मार्चची त्यांची नाइट मी करेन, माझी १५ ची इव्हिनिंग त्या करतील. १३ आणि १६ चे ऑफही त्याप्रमाणे बदलतील. दोघींची संमती आहे, सह्या खाली केल्या आहेत. कृपया चेंज मंजूर करून लिस्टमध्ये नोंद करावी.’

कारण किती सांगायचं, हा प्रश्न मुली नेहमी विचारतात. ‘घरगुती कारण’ एवढंच लिहिलं तर इनचार्जला काहीच ठरवता येत नाही: हीच तारीख का, दोन तास उशिरा येऊन भागेल का, की खरं तर दोन दिवसांची रजाच द्यायला हवी? ‘शुक्रवारी सकाळी ७ वाजता हजर राहायचं आहे’ या एका वाक्यात सगळं कळतं. आईचे रिपोर्ट, डॉक्टरांचं नाव, भाऊ का येऊ शकत नाही याची कहाणी लिहायची गरज नाही. कारण खाजगी किंवा नाजूक असेल तर कागदावर ‘वैद्यकीय कारण’ लिहावं आणि बाकीचं इनचार्जला समोर बसून सांगावं. आपला अर्ज फाइलला लागतो आणि तो बरेच जण वाचतात, हे लक्षात असावं.

इनचार्ज या अर्जात तास तर बघतेच, पण त्याआधी त्या रात्री वॉर्डात सोबत कोण आहे ते बघते. गुरुवारच्या नाइटला वैशालीसोबत नुकतीच रुजू झालेली नर्स असेल, तर वैशालीच्या जागी येणारी अनुभवीच हवी. रात्री पेशंटचा श्वास अडकला, तर एकीने पेशंटपाशी थांबायचं आणि दुसरीने क्रॅश कार्ट आणून डॉक्टरांना फोन करायचा असतो. दोघीही नवीन असतील तर ती पाच मिनिटं फार महाग पडतात. ज्योती वॉर्डात जुनी आहे, म्हणून हा चेंज चालतो. ती नवीन असती, तर तासांचा हिशोब कितीही चोख असला तरी मी नाही म्हटलं असतं आणि दुसरं नाव आणायला सांगितलं असतं.

मंजुरी म्हणजे फोनवर आलेला अंगठा नव्हे. ड्यूटी लिस्टवर बदल करून इनचार्जची सही आणि मेट्रन ऑफिसला कळवलेलं, एवढं झालं की चेंज पक्का. ते राहिलं तर महिनाअखेरीला बायोमेट्रिकच्या हिशोबात वैशाली नाइटला गैरहजर दिसते आणि तिचं मॉर्निंगचं पंचिंग कुठेच जुळत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गुरुवारी दुपारी ज्योतीला ताप भरला तर कुणी कुणाला कळवायचं हे त्या सहीवर ठरतं. सही झालेली असेल तर लिस्टमध्ये नाइट ज्योतीच्या नावावर आहे, तेव्हा तिने थेट इनचार्जला फोन करायचा. सही नसेल तर ती ड्यूटी वैशालीची, आणि आईचं ऑपरेशन तोंडावर असताना माणूस शोधायची वेळही तिच्यावरच येते.

परतफेडीची तारीख ठरवता येत नसेल, तर तो चेंज राहत नाही, ते उपकार मागणं होतं. तिथे सरळ रजेचा अर्ज द्यावा. सीनिअर नर्सेसना हे विशेष सांगावंसं वाटतं, कारण नवीन मुलगी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही आणि राहिलेली नाइट परत मागूही शकत नाही.

आणि इनचार्ज सिस्टरांना एक विनंती. चेंज नाकारलात तर कारण तिथेच सांगा: तास जास्त होतात, की सोबतची नवीन आहे, की परतफेड लिहिलेली नाही. ते कळलं तर ती त्याच दिवशी दुसरं नाव घेऊन येईल आणि गुरुवारी सकाळी आजारी पडल्याचा फोन करणार नाही.