तेलकट फरशी आणि मोडलेलं मनगट

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक असो की दिवाळीचा फराळ, तळणाचे दिवस आले की सुजलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून येणाऱ्या महिला आमच्या सरकारी रुग्णालयात हमखास दिसतात. ‘पाण्यावरून पाय घसरला,’ असंच बहुतेक जणी सांगतात. थोडं खोलात जाऊन विचारलं, की पाण्याच्या आधी तिथं तेल होतं असं कळतं. सांडलेलं तेल लगेच पुसलेलंही असतं; पण ज्या पद्धतीनं पुसलं, त्यानंच फरशी जास्त निसरडी झालेली असते.

उमरखेड परिसरातल्या जुन्या घरांत शेणानं सारवलेली जमीन असायची, नंतर शहाबादी फरशी आली. मातीची जमीन सांडलेलं तेल शोषून घेई, आणि शहाबादीच्या खडबडीत पृष्ठभागावर पायाला पकड मिळे. आता स्वयंपाकघरात गुळगुळीत, चकचकीत टाइल्स आहेत. त्या तेल शोषत नाहीत. तेल वरच पसरून राहतं आणि पाय फरशीला टेकण्याऐवजी तेलाच्या थरावर टेकतो. फरशी बदलली, पुसायची सवय मात्र जुनीच राहिली.

एक उदाहरण

साठीच्या एका गृहिणीचं उदाहरण घेऊ. सकाळी वडे तळताना झाऱ्यातून परातीपर्यंत तेलाचे थेंब सांडले. सुनेनं बादलीतला ओला फडका घेऊन ते पुसले, फडका त्याच बादलीत पिळला आणि त्याच पाण्यानं पूर्ण स्वयंपाकघर पुसून काढलं. फरशी चमकत होती. संध्याकाळी बाई पाण्याची कळशी घेऊन आत आल्या, थोडं पाणी हिंदकळलं आणि टाच पुढे सरकली. तोल सावरायला त्यांनी हात मागे टेकवला. शरीराचा सगळा भार तळहातावर आला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं.

इथं काय झालं? तेल पाण्यात विरघळत नाही. ओल्या फडक्यानं तेल उचललं जात नाही, ते पसरतं. सकाळी वीतभर जागेत असलेले थेंब बादलीमार्गे सगळ्या खोलीभर पातळ थर होऊन बसले. कोरडं असताना हा थर डोळ्यांना दिसत नाही. त्यावर पाणी पडलं की उरलीसुरली पकडही जाते. चालताना टाच फरशीला टेकते, त्या क्षणी भार नुकताच पुढच्या पायावर येत असतो. टाच तेव्हा पुढे सरकली, तर सावरायला वेळच मिळत नाही. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होऊ लागतात. त्यामुळे तरुण सून ज्या पडण्यातून केवळ मुका मार घेऊन उठते, त्याच पडण्यात सासूचं मनगट किंवा खुब्याचं हाड मोडतं.

तेल सांडलं तर

पहिलं काम पुसण्याचं नाही, तिथं कुणाचा पाय पडू न देण्याचं आहे. ‘तेल सांडलंय’ म्हणून घरात आवाज द्या, गॅस बंद करा आणि त्या जागेवर पाट किंवा स्टूल ठेवा. तेल गरम असेल तर निवू द्या.

मग पाणी न लावता तेल उचला. वर्तमानपत्राचे कागद किंवा जुना कोरडा कपडा त्यावर दाबून धरा. तेल जास्त असेल तर लाकडाचा भुसा किंवा जाळी लागलेलं, टाकून द्यायचं पीठ टाका. दोन-तीन मिनिटांनी कडेकडून मध्याकडे गोळा करा, म्हणजे डाग पसरणार नाही. हा कपडा बादलीत बुडवू नका, बाजूला टाका.

त्यानंतर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड किंवा पावडर मिसळून ती जागा ब्रशनं घासा. साबणाला तेल सोडवायला दोन मिनिटं द्या. मग साबण पूर्ण निघेपर्यंत स्वच्छ पाण्यानं पुसा, कारण मागे राहिलेला साबणही तेलाइतकाच निसरडा असतो. शेवटी कोरड्या कपड्यानं फरशी कोरडी करा. एवढ्याला सात-आठ मिनिटं लागतात.

तेल गेलं की नाही, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. खाली बसून त्या जागेवर पाण्याचे चार थेंब टाका. पाणी सपाट पसरलं तर फरशी स्वच्छ आहे. मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर तेल अजून आहे. पायानं घासून पाहण्याचा मोह मात्र टाळा.

पायात काय, पायाखाली काय

अमेरिकेतल्या 36 फास्ट फूड उपाहारगृहांतील 475 कामगारांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. न घसरणारे बूट वापरणाऱ्या कामगारांत पाय घसरण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी कमी आढळलं. आपल्या घरात तसे बूट कुणी घालणार नाही, पण त्यामागचं तत्त्व चपलेलाही लागू पडतं.

आपल्याकडे बाहेरची चप्पल स्वयंपाकघरात चालत नाही, म्हणून बहुतेक जणी अनवाणीच असतात. कोरड्या फरशीवर ते ठीक आहे. तेलावर मात्र अनवाणी पाय घसरतो आणि गरम तेलापासून त्याला संरक्षणही नसतं. त्यासाठी स्वयंपाकघराची वेगळी चप्पल ठेवावी. तिचा तळ मऊ रबराचा असावा. कडक, गुळगुळीत प्लास्टिकचा नको. तळाला पाणी बाजूला सरकायला जागा देणाऱ्या खाचा हव्यात आणि मागे पट्टा हवा, म्हणजे चप्पल पायातून निसटणार नाही. टाचेखालच्या खाचा झिजल्या की चप्पल बदला; जुनी हवाई चप्पल नेमकी तिथंच सपाट झालेली असते. खाचांत तेल साचतं, म्हणून आठवड्यातून एकदा तळ साबणानं घासून धुवा. पण सांडलेल्या तेलावर कुठलीही चप्पल पुरेशी नाही. तिथं चप्पल पुसण्याची जागा घेऊ शकत नाही.

सिंकसमोर आपण जुनी साडी किंवा पोतं घडी करून टाकतो. ते पाणी शोषतं, पण स्वतःच सरकतं आणि त्याच्या कडेत पाय अडकतो. त्यापेक्षा खाली रबर असलेलं, पातळ कडेचं पायपुसणं बरं. ते टाकण्याआधी खालची फरशी कोरडी करा; खाली पाणी राहिलं तर रबरही सरकतं. टाकल्यावर भिंतीला धरून पायानं ढकलून पाहा, हललं तर वापरू नका. कोपरे वर वळलेलं पायपुसणं काढून टाका. ओलं झालेलं वाळवता यावं म्हणून दोन ठेवा.

पडलंच कुणी, तर

घाईनं ओढून उठवू नका. मनगट सुजू लागलं असेल तर त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढा. सूज वाढल्यावर त्या कापाव्या लागतात. हात पुठ्ठ्याच्या आधारानं बांधा, तेल लावून चोळू नका. खुब्यात दुखत असेल, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर उभं न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो बरा दिसत असला तरी रुग्णालयात आणा. गरम तेल अंगावर उडालं असेल, तर भाजलेली जागा वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. त्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावू नका.