२२ मिलिमीटरचं भोक एसटीएलमध्ये किती उरतं?

स्केट्सच्या चाकांमध्ये जे छोटं बेअरिंग असतं, ते ६०८ क्रमांकाचं. बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, आतला ८, जाडी ७. स्वस्त आणि सहज मिळणारं, म्हणून थ्रीडी प्रिंटरवर यंत्रांचे भाग बनवणाऱ्यांचं ते आवडतं आहे. समजा, हे बेअरिंग बसवायला आपण कॅडमध्ये एक ब्रॅकेट काढला, त्याला बरोबर २२ मिलिमीटरचं भोक दिलं, एसटीएल फाइल काढून प्रिंट केली, आणि बेअरिंग आत जाईना. अशा वेळी पहिला संशय प्रिंटरवर जातो. छापलेली भोकं थोडी आकसतात, हे खरंच आहे. पण पुष्कळदा भोक त्याआधीच लहान झालेलं असतं, फाइलचं रूपांतर होताना.

कॅडच्या मूळ सॉलिड मॉडेलमध्ये हे भोक म्हणजे एक दंडगोलाकार पृष्ठभाग आहे. त्याचा अक्ष कुठून जातो, कोणत्या दिशेला आहे आणि त्रिज्या ११ आहे, एवढं तिथे लिहिलेलं असतं. कितीही जवळून पाहा, ते गोलच असतं. एसटीएलमध्ये मात्र दंडगोल सांगायची सोयच नाही. १९८७ मध्ये थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीच्या स्टिरिओलिथोग्राफी यंत्रांसाठी ही पद्धत तयार झाली. वस्तूचे आडवे पातळ थर कापायचे एवढंच तिचं काम होतं आणि त्याला सपाट त्रिकोण पुरेसे होते. म्हणून एक्स्पोर्ट करताना भोकाची गोल भिंत सपाट पट्ट्यांमध्ये मोडली जाते आणि प्रत्येक पट्टीचे दोन त्रिकोण होतात.

किती पट्ट्या, हे एक्स्पोर्टच्या खिडकीतला एक आकडा ठरवतो. त्याला कुठे डेव्हिएशन म्हणतात, कुठे टॉलरन्स. सपाट पट्टी खऱ्या वक्रापासून जास्तीत जास्त किती दूर जाऊ शकते, ते अंतर म्हणजे हा आकडा. तिथे ०.१ मिलिमीटर असेल तर आपल्या भोकाला २४ पट्ट्या पुरतात. पट्ट्यांचे कोपरे खऱ्या वर्तुळावर असतात, पण मधला भाग वर्तुळाच्या आत, म्हणजे भोकाच्या पोकळीत शिरतो. किती, ते या सूत्राने निघतं:

```
r × (1 − cos(180°/n))
```

त्रिज्या ११ आणि पट्ट्या २४ धरल्या तर उत्तर येतं ०.०९४. दिलेल्या मर्यादेत आहे, म्हणून प्रोग्राम समाधानी. पण ही घट एका बाजूची आहे. समोरची पट्टीही तेवढीच आत आलेली असते, त्यामुळे समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर २१.८१ उरतं. २२ चं बेअरिंग त्यात जाणार कसं? हाच आकडा ०.०१ केला तर पट्ट्या ७४ होतात आणि अंतर २१.९८ वर येतं. फाइल मोठी होते, पण अशा ब्रॅकेटसाठी तो प्रश्न नाही. बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला अवघे ५० बाइट लागतात.

त्याच खिडकीत कोनाची मर्यादाही असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. १ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिलेली कड घ्या. अंतराची मर्यादा ०.१ असेल तर त्या पाव वर्तुळाला दोनच पट्ट्या मिळतात आणि गोलाईच्या जागी दोन उतार दिसतात. कोनाची मर्यादा १० अंश ठेवली की तिथे नऊ पट्ट्या पडतात. मोठ्या वक्रांना अंतर सांभाळतं, लहानांना कोन.

दोष कुठे शिरला हे ओळखायचं तर छापण्याआधी एसटीएल फाइलच जाळी पाहायच्या प्रोग्रामात उघडावी, त्रिकोणांच्या कडा दाखवायला सांगाव्यात आणि समोरासमोरच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजावं. तिथेच २१.८१ दिसलं तर प्रिंटरचा काही संबंध नाही.

एसटीएलमधला एक सपाट त्रिकोण असा लिहिलेला असतो:

```
facet normal 0 0 1
  outer loop
    vertex 0 0 5
    vertex 10 0 5
    vertex 10 10 5
  endloop
endfacet
```

यात एककच नाही. दहा म्हणजे दहा काय, हे फाइल सांगत नाही. ५० मिलिमीटरचा ब्रॅकेट इंचांमध्ये एक्स्पोर्ट झाला तर फाइलमध्ये १.९६८५ जातं, स्लायसर ते मिलिमीटर समजतो आणि टेबलावर जेमतेम २ मिलिमीटरचा ठिपका दिसतो. २५.४ ने गुणलं की तो मूळ मापावर येतो. रंगाचीही सर्वमान्य सोय नाही. शिवाय शेजारच्या त्रिकोणांचा कोपरा एकच असला तरी प्रत्येक त्रिकोण तो पुन्हा लिहितो, त्यामुळे कोण कोणाला चिकटलेलं आहे हे वाचणाऱ्या प्रोग्रामला बिंदू जुळवून शोधावं लागतं.

ओबीजे ही वेव्हफ्रंट टेक्नॉलॉजीज या कंपनीची, अॅनिमेशनच्या जगातून आलेली पद्धत. तिथे बिंदू एकदाच लिहितात आणि पुढे त्यांचे क्रमांक वापरतात:

```
v 0 0 5
v 10 0 5
v 10 10 5
v 0 10 5
f 1 2 3 4
```

चौकोन चौकोनच राहू शकतो, भागांना नावं देता येतात, टेक्श्चर कुठे बसवायचं तेही लिहिता येतं. रंग मात्र शेजारच्या `.mtl` फाइलमध्ये असतात. नुसती `.obj` पाठवली तर समोरच्याला करडा ब्रॅकेट दिसणार. एकक इथेही विश्वासाने धरता येत नाही, आणि वरची दिशा कोणती हे ठरलेलं नसल्यामुळे मॉडेल कधी आडवं पडलेलं उघडतं.

ओबीजेत मला सर्वांत धोक्याची वाटते ती `vn` ने सुरू होणारी ओळ. बिंदूपाशी पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे असं मानायचं, ते ती सांगते. त्यावरून पडद्यावरची छटा गुळगुळीत केली जाते आणि २४ पट्ट्यांचं भोक नितळ गोल दिसू लागतं. प्रत्यक्षात आकार तोच, २१.८१ चा. भोकाच्या काठाकडे नीट पाहिलं तर सरळ तुकडे दिसतात, कारण छटा बदलली तरी कड बदलत नाही. ओबीजेच्या मूळ नियमांत खरे वक्र पृष्ठभाग लिहायची तरतूद आहे, पण कॅडचे प्रोग्राम सहसा जाळीच लिहितात आणि वाचणारेही तेवढीच अपेक्षा धरतात. ओबीजे काढली म्हणून भोक अधिक अचूक झालं, असं समजू नये.

दोन्हींमध्ये सारखंच हरवतं ते डिझाइन करणाऱ्याच्या मनातलं. स्केच, मापांमधले संबंध, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर केलं तो क्रम, टॉलरन्स, सगळं मागे राहतं. आटे हे याचं ठळक उदाहरण. भोकाला एम ६ चे आटे आहेत असं कॅडमध्ये अनेकदा नुसतं चिन्हाने दाखवलेलं असतं, प्रत्यक्ष कोरलेलं नसतं. एसटीएल किंवा ओबीजेत तिथे साधं भोक जातं, आणि त्यात टॅप चालवायचा होता हे कोणाला कळत नाही.

म्हणून सीएनसीवाल्याला जाळी न देता स्टेप फाइल द्यावी. तीत दंडगोल दंडगोलच राहतो, एककही सोबत जातं. आटे आणि टॉलरन्स यांच्यासाठी ड्रॉइंग जोडावं, आणि बदल करायचे असतील तर मूळ कॅड फाइल हवीच. एसटीएलवरून मागे जाता येईल अशी आशा पुष्कळांना असते. फ्रीकॅडसारखा प्रोग्राम जाळीचं सॉलिड करून देतो, पण त्यात भोकाच्या जागी ७४ सपाट भिंती असतात. त्यांच्यावर नव्याने दंडगोल बसवता येतो, त्रिज्याही जवळपास ११ मिळते. पण बेअरिंग घट्ट बसावं म्हणून २१.९८ ठेवलं होतं, की २२ होतं आणि रूपांतरात घटलं, हे नुसती सपाट बाजूंमधली अंतरं मोजून ठरत नाही. कोपऱ्यांवरून जाणारं वर्तुळ काढलं तर २२ कडे बोट जातं, तेही एक्स्पोर्ट करणाऱ्या प्रोग्रामाने कोपरे खऱ्या वर्तुळावर ठेवले असतील तरच.