अर्जांची जावक बारनिशी

कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद ज्या वहीत करावयाची, तीस आपल्याकडे जावक बारनिशी म्हणत आले आहेत. पत्र कोणास गेले, कोणत्या तारखेस गेले, आणि त्याची स्थळप्रत कोणत्या बस्त्यात आहे, एवढे त्या वहीत पाहिले म्हणजे कारकून बदलला तरी काम अडत नाही. नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाने आपल्या अर्जांसाठी अशीच एक साधी वही ठेवावी, ती कशी आखावी आणि तिचे वाचन कसे करावे, हे आज सांगण्याचा विचार आहे.

पूर्वी अर्ज हाताने लिहावा लागे, म्हणून महिन्यास चार गेले तरी पुष्कळ. ते लक्षातही राहत. आता संगणकावर एका संध्याकाळी पाच अर्ज सहज जातात. शिवाय उमेदवाराचे परिचयपत्र, ज्यास आता सर्रास रेझ्युमे म्हणतात, तेही एकच राहत नाही. पद पाहून त्यात फेरफार करणे रास्तच आहे. परंतु तीन आठवड्यांनी दूरध्वनी येतो आणि पलीकडील गृहस्थ म्हणतात, "आपण लिहिले आहे त्या कामाबद्दल जरा सांगा." त्यांच्या पुढ्यात कोणता कागद आहे, हे त्या क्षणी उमेदवारास ठाऊक नसेल, तर तो अडखळतो, आणि खरे काम केलेला मनुष्यही खोटा वाटू लागतो. वहीचा पहिला उपयोग हा प्रसंग टाळण्याचा आहे.

वही कागदाची असो वा संगणकावरील तक्त्याची, रकाने सातच पुरेत. संस्था व पद, जाहिरात कोठे पाहिली व अर्ज कोणत्या मार्गाने गेला, पाठविल्याची तारीख, रेझ्युमेची कोणती प्रत गेली, संबंधित व्यक्तीचे नाव, हुद्दा व दूरध्वनी, सद्यःस्थिती, आणि शेवटचा, पुढील कामाची तारीख. याहून अधिक रकाने आखले, तर वही भरण्याचा कंटाळा येतो आणि दहाव्या अर्जानंतर ती कोरी राहते. ओळ मात्र अर्ज पाठविल्याबरोबर भरावी. आठवड्याने आठवून भरलेल्या वहीवर विसंबता येत नाही.

यांपैकी प्रतीच्या रकान्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. समजा, पुण्यातील एक वाणिज्य पदवीधर तरुण आहे. त्याने चार वर्षे एका लहान कारखान्यात हिशेबाचे आणि माल-खरेदीचे अशी दोन्ही कामे केली आहेत. तो दोन प्रकारचे रेझ्युमे करतो. एकात जीएसटीची विवरणपत्रे, बँकेच्या खात्याचा मेळ आणि टॅली हे वर असते. दुसऱ्यात पुरवठादारांशी बोलणी, दरपत्रके आणि साठ्याची मोजणी हे वर असते. या प्रतींस त्याने नावे द्यावी आणि क्रमांक द्यावे: `Resume-Lekha-1.pdf`, `Resume-Kharedi-1.pdf`. मजकुरात एक ओळ बदलली तरी जुन्या प्रतीवर नवी प्रत लिहू नये. क्रमांक वाढवून `Resume-Lekha-2.pdf` अशी निराळी ठेवावी. एकदा बाहेर गेलेली प्रत ही स्थळप्रत झाली. तीत बदल करावयाचा नसतो. नाव व क्रमांक वहीत लिहिले, की वही आणि कागद यांची गाठ पडली.

त्याच जागी जाहिरातीचा मजकूरही उतरवून किंवा छापून ठेवावा. मुदत संपली म्हणजे जाहिरात संकेतस्थळावरून पुष्कळदा काढून टाकतात, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री पदाच्या अपेक्षा कोणत्या होत्या, हे पाहावयास काहीच उरत नाही.

आता एक ओळ प्रत्यक्ष भरून पाहू. आपल्या तरुणाने ३ मार्च रोजी चाकणच्या एका यंत्रभागांच्या कारखान्यात साहाय्यक लेखापाल या पदासाठी संकेतस्थळावरून अर्ज केला, प्रत लेखा-२. जाहिरातीत मुदत १० मार्चपर्यंत होती. मुदत संपण्यापूर्वी विचारणा करणे उतावीळपणाचे दिसते, आणि महिनाभर थांबले तर जागा भरून जाते. म्हणून मुदतीनंतर सुमारे आठवड्याने, म्हणजे १७ मार्च, ही पुढील कामाची तारीख त्याने त्याच दिवशी लिहून टाकली. जाहिरातीत मुदत दिलेली नसेल, तर पाठविल्यापासून कामाचे दहा दिवस मोजावे.

१७ तारखेस त्याने चार ओळींचे स्मरणपत्र ई-मेलने पाठविले: पदाचे नाव, अर्जाची तारीख, अजून उत्सुक आहे हा निर्देश, आणि निवड कोणत्या टप्प्यावर आहे ही विचारणा. वहीत सद्यःस्थिती झाली "स्मरणपत्र १, १७ मार्च", आणि पुढील तारीख ३१ मार्च. २४ तारखेस दूरध्वनी आला. त्याने वही उघडली, लेखा-२ समोर घेतली, आणि जीएसटीच्या कामाबद्दल जे लिहिले होते तेच तपशिलाने सांगितले. बोलणे संपताच बोलणाऱ्या बाईंचे नाव, हुद्दा, आणि आपण अपेक्षित पगाराचा जो आकडा सांगितला तो, ओळीत नोंदला. हा आकडा विसरून पुढील भेटीत दुसराच सांगणे, यासारखी सौदा बिघडविणारी गोष्ट नाही.

सद्यःस्थितीच्या रकान्यात घडलेली गोष्टच लिहावी आणि तिच्यापुढे तारीख घालावी: पाठविला, पोच आली, दूरध्वनी आला, मुलाखत झाली, नकार, नियुक्ती, बंद. "आशा आहे" किंवा "बहुधा विचार चालू असावा" या नोंदी नव्हेत. ते आपल्या मनाचे बोल झाले. दोन स्मरणपत्रांनंतर दोन आठवडे उत्तर नसेल, तर "उत्तर नाही, बंद" असे लिहून ओळ मिटवावी. पुढे बोलावणे आलेच, तर ती पुन्हा उघडता येते. तोवर निदान तिची वाट पाहण्यात दिवस जात नाहीत. जी ओळ बंद नाही, तिला पुढील तारीख असलीच पाहिजे, हा या वहीचा एकमेव कडक नियम होय. आठवड्यातून एक दिवस नेमून ज्या तारखा उलटल्या असतील तेवढ्याच ओळी पाहाव्या व तेवढेच काम करावे.

सरकारी पदांची गोष्ट निराळी आहे. लोकसेवा आयोगासारख्या संस्थांकडे स्मरणपत्र पाठवून काही साधत नाही. तेथे अर्जाचा क्रमांक, शुल्काची पावती आणि परीक्षेचा दिनांक हेच नोंदावे, आणि पुढील तारीख म्हणून संस्थेचे संकेतस्थळ पुन्हा पाहण्याचा दिवस लिहावा.

मार्गाचा आणि व्यक्तीचा रकाना अनेकजण क्षुल्लक समजतात. परंतु तो दोन संकटांतून वाचवितो. नोकरी मिळवून देणाऱ्या एजन्सीमार्फत एखाद्या कंपनीकडे आपले नाव गेले असता आपणही तेथे थेट अर्ज केला, तर एजन्सीच्या मोबदल्याचा वाद उपस्थित होतो, आणि तो टाळण्यासाठी कंपनी कधी कधी उमेदवारासच बाजूस सारते. एजन्सीने कोणत्या कंपनीकडे केव्हा नाव पाठविले, हे विचारून लिहून ठेवले तर अशी दुबार गफलत होत नाही. दुसरे संकट लबाडीचे. "आपली निवड झाली आहे, अनामत रक्कम भरा" असा निरोप येतो. वही उघडून पाहावी: त्या कंपनीच्या नावाची ओळच नसेल, तर निवड कशाची झाली? ओळ असली तरी नोंदलेली व्यक्ती व दूरध्वनी जुळतात का, ते पाहावे. आणि सर्व जुळूनही कोणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. प्रामाणिक मालक नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

आता वहीच्या वाचनाकडे वळू. दहा आठवड्यांनी आपल्या तरुणाच्या वहीत २६ ओळी झाल्या. लेखा प्रतीवर १४ अर्ज गेले, एक बोलावणे आले. खरेदी प्रतीवर १२ गेले, चार बोलावणी आली. प्रथमदर्शनी वाटेल, की लेखा प्रत टाकून द्यावी आणि खरेदीच्याच मागे लागावे. परंतु मार्गाचा रकाना पाहता निराळेच दिसते. खरेदीच्या १२ अर्जांपैकी चार ओळखीच्या माणसांमार्फत गेले होते, आणि चार बोलावण्यांपैकी तीन त्या चारांतील होती. उरलेल्या आठ अर्जांस संकेतस्थळावरून एकच बोलावणे. लेखाचे चौदाही संकेतस्थळावरून गेलेले, त्यांसही एकच. म्हणजे फरक प्रतीचा नसून मार्गाचा निघाला! प्रत सुधारण्यात आणखी आठवडे घालविण्यापेक्षा त्याने जुन्या सहकाऱ्यांस व पुरवठादारांस दूरध्वनी करणे अधिक फलदायी ठरेल. केवळ स्मरणावर भिस्त ठेवली असती, तर त्याने चांगली प्रत फेकून दिली असती.

येथे एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. आठात एक आणि चौदात एक यांतील अंतरास काही अर्थ नाही. एखादे बोलावणे इकडचे तिकडे झाले तर चित्र पालटते. इतक्या थोड्या आकड्यांवरून बारीक निष्कर्ष काढू नयेत. मोठा फरक तेवढा विचारात घ्यावा, आणि अडते कोठे एवढे पाहावे. बोलावणेच येत नसेल, तर पदांची निवड, मार्ग किंवा रेझ्युमे तपासावा. बोलावणी येतात पण मुलाखतीनंतर नकार येतो असे असेल, तर रेझ्युमेस हात लावू नये. त्याने आपले काम केलेले आहे, उणीव मुलाखतीच्या तयारीत शोधावी. नकार का आला, हे मात्र वही सांगू शकत नाही. पुष्कळदा जागा आतल्याच माणसास द्यावयाची ठरलेली असते.

हाती नोकरी असताना जे शोध करतात, त्यांनी ही वही कचेरीच्या संगणकावर किंवा कचेरीच्या ई-मेलमध्ये ठेवू नये. तेथील मजकूर मालकास पाहता येतो. तीत इतरांची नावे व दूरध्वनी असल्यामुळे ती दुसऱ्यास देणेही बरे नव्हे.

शेवटी नियुक्तीपत्र हाती आले आणि आपण होकार दिला, म्हणजे वही तशीच मिटू नये. ज्या ओळी अजून उघड्या असतील, त्या संस्थांस दोन ओळींचे पत्र लिहून अर्ज मागे घ्यावा आणि मग ओळ बंद करावी. ज्या अधिकाऱ्याने आपल्यासाठी मुलाखतीची वेळ राखून ठेवली, त्याचा दिवस त्यामुळे वाया जात नाही; आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा वही उघडण्याचा प्रसंग आला, तर त्याचे नाव, हुद्दा व दूरध्वनी तिच्यात आयते सापडतात.