पाळी चुकताच लघवी का वाढते, छाती जड का होते?

पाळी चुकून आठवडाही झालेला नसतो, पोटावर काहीच दिसत नसते, तरी रात्री दोनदा लघवीला उठावे लागते आणि कुशीवर वळताना छाती दुखते. वारंवार लघवीचे कारण म्हणून घरोघरी एकच उत्तर मिळते: गर्भाशय वाढते आणि मूत्राशयावर दाब येतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण पहिल्या काही आठवड्यांसाठी ते अपुरे आहे. सहाव्या आठवड्यात गर्भाशय जेमतेम कोंबडीच्या अंड्याएवढे असते. त्या दिवसांतल्या फेऱ्यांमागे दाबापेक्षा मूत्रपिंडांचा वाढलेला कामाचा वेग जास्त असतो.

दोन्ही लक्षणांचा उगम एकाच ठिकाणी आहे. बीजकोशातून बीज बाहेर पडले की त्याच्या रिकाम्या कोशाचे रूपांतर एका लहानशा पिवळसर ग्रंथीत होते. तिला पीतपिंड म्हणतात. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरके ती तयार करते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, संप्रेरके उतरतात आणि पाळी येते. गर्भ राहिला तर गर्भाशयाच्या अस्तरात रुजणाऱ्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक रक्तात सोडू लागतात. घरच्या तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच्याचमुळे. एचसीजी पीतपिंडाला सुकू देत नाही, आणि वार स्वतः पुरेशी संप्रेरके बनवू लागेपर्यंत, म्हणजे सातव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत, गर्भधारणा या ग्रंथीच्या आधारावर टिकून राहते.

हे तारखांमध्ये मांडले तर क्रम नीट कळतो. एखादीची शेवटची पाळी 1 जूनला सुरू झाली आणि तिचे चक्र 28 दिवसांचे आहे असे धरू. बीज साधारण 14-15 जूनला सुटते. गर्भ रुजतो तो बहुधा 21 ते 25 जूनच्या दरम्यान. पाळी यायला हवी 29 जूनला. डॉक्टर गर्भाचे दिवस शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे 29 जूनलाच तिचे चार आठवडे पूर्ण झालेले असतात, जरी गर्भ प्रत्यक्षात दोनच आठवड्यांचा असला तरी. छातीचा जडपणा याच सुमारास जाणवू लागतो. लघवीच्या फेऱ्या बहुतेकींच्या लक्षात येतात त्या जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात.

आधी छातीचे पाहू. पाळीपूर्वी छाती जड होते, दुखते, हा अनेकींचा दर महिन्याचा अनुभव आहे. त्यामागेही पीतपिंडाचीच संप्रेरके असतात. पाळी आली की ती उतरतात आणि दुखणे थांबते. गर्भ राहिल्यावर मात्र ती उतरतच नाहीत, उलट वाढत जातात. म्हणून पहिल्या काही दिवसांत ‘पाळी येणार’ आणि ‘दिवस गेले’ यांत छातीच्या दुखण्यावरून फरक सांगता येत नाही. तो पट्टीच सांगते.

इस्ट्रोजेनमुळे दूध वाहून नेणाऱ्या नलिकांना फाटे फुटतात, तर प्रोजेस्टेरॉनमुळे त्यांच्या टोकांशी दूध तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके वाढतात. पुढे प्रोलॅक्टिन आणि वारेतून येणारे संप्रेरक या कामात भर घालतात. या वाढीसाठी छातीकडे रक्तपुरवठा वाढतो, ऊतींमध्ये पाणी साठते आणि स्तन आतून ताणले जातात. जडपणा आणि ठणका या ताणाचा असतो. या काळात दूध जमलेले नसते. चीक तयार होऊ लागतो तो पुढे, साधारण सोळाव्या आठवड्यापासून. गोऱ्या त्वचेखाली निळसर शिरा ठळक दिसू लागतात, स्तनाग्राभोवतीचे वर्तुळ गडद होते आणि त्यावरच्या बारीक ग्रंथी पुटकुळ्यांसारख्या वर येतात. आयरिश प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॉन्टगोमेरी यांनी 1837 मध्ये गर्भधारणेच्या खुणा सांगताना त्यांचे सविस्तर वर्णन केले होते. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांच्यातून तेलकट स्राव येतो आणि त्वचा मऊ राहते, म्हणून त्या दाबून फोडू नयेत.

लघवीची गोष्ट रक्तवाहिन्यांपासून सुरू होते. पीतपिंड रिलॅक्सिन नावाचे आणखी एक संप्रेरक सोडतो. त्याच्या आणि इतर संप्रेरकांच्या परिणामाने शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडांकडे जास्त रक्त जाते आणि गाळण्याचे काम वाढते. एरवी दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे दीडशे लिटर द्रव गाळतात आणि त्यातला 99 टक्के परत रक्तात घेतात. गर्भधारणेत हे गाळणे पहिल्या काही आठवड्यांतच वाढू लागते आणि पहिल्या तिमाहीच्या अखेरीस 40 ते 50 टक्क्यांनी चढलेले असते. बहुतेक द्रव परत शोषला जात असल्याने लघवी तितक्या पटीने वाढत नाही, पण वाढते. त्यातच मेंदूतले तहानेचे केंद्र आता थोड्या कमी पाण्यावरही तहान लागल्याचे सांगू लागते. त्यामुळे पाणीही जास्त प्यायले जाते.

गाळण्याच्या या वेगाचा पुरावा रक्ततपासणीत दिसतो. मूत्रपिंडे कचरा भराभर बाहेर टाकत असल्याने क्रिएटिनिन उतरते. एरवी 1 हा आकडा कोणालाही खटकत नाही, गर्भवतीच्या अहवालात मात्र डॉक्टर त्याकडे दोनदा पाहतात.

गर्भाशयाचा दाब यानंतर हळूहळू भर घालतो. गर्भाशय मूत्राशयाच्या लगेच मागे असते आणि बहुतेकींत पुढे त्याच्यावर कललेले असते. ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत जागा थोडी, त्यामुळे ते वाढले की मूत्राशयाला पुरते फुगता येत नाही आणि थोडी लघवी साठताच जावेसे वाटते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास, वरच्या उदाहरणात 24 ऑगस्टच्या आसपास, गर्भाशय या पोकळीतून वर पोटात येते. मग अनेकींच्या फेऱ्या कमी होतात. शेवटच्या महिन्यांत बाळाचे डोके खाली उतरले की त्या पुन्हा वाढतात.

रात्री झोप मोडते म्हणून काही जणी पाणीच कमी करतात. ते धोक्याचे आहे, कारण गाळणे कमी होत नाही आणि लघवी घट्ट झाल्याने जंतुसंसर्गाला वाव मिळतो. झोपेआधीचे दोन तास सोडून पाणी दिवसभर नेहमीसारखे प्यावे आणि लघवी रोखून धरू नये.

दोन्ही लक्षणे साधी असली तरी त्यांच्या आड आजार लपू शकतो. नुसते वारंवार जावे लागते पण जळजळ नाही, ताप नाही, तर ते गर्भधारणेचे समजावे. लघवी करताना आग होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ, दुर्गंधीयुक्त किंवा लालसर असणे, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखून थंडी-ताप येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. काही गर्भवतींच्या लघवीत कोणताही त्रास न होता जंतू असतात, म्हणून पहिल्याच भेटीत लघवीचे कल्चर करून घेतात. उपचार न केल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. सारखी कोरड पडून भरपूर लघवी होत असेल तर साखर तपासावी. मागे कललेले गर्भाशय क्वचित पोकळीतच अडकते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात लघवी होतच नाही. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

छातीच्या बाबतीत दोन्ही बाजू साधारण सारख्या जड असाव्यात. एकाच बाजूला गाठ, लाली, किंवा स्तनाग्रातून रक्त आले तर ‘दिवस गेलेत, चालायचेच’ म्हणून थांबू नये. जडपणा नवव्या-दहाव्या आठवड्यानंतर आपोआप ओसरतो आणि तो ओसरला म्हणून गर्भाला काही झाले असे समजण्याचे कारण नसते. त्यासोबत रक्तस्राव किंवा पोटात कळा असतील तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.