सागवान, शिसवी आणि ओकची फरशी: एकाच हॉलमध्ये नांदू शकतात

हॉलमध्ये आजोबांच्या काळचं सागवानी कपाट आहे, शिसवी जेवणाचं टेबल आहे आणि खाली फिकट ओक रंगाची लॅमिनेटची फरशी. आता टीव्ही युनिट करायचं आहे. अशा वेळी पुढचे तीन गैरसमज हमखास आडवे येतात.

गैरसमज: सगळं लाकूड एकाच रंगाचं हवं.

वस्तुस्थिती: तंतोतंत रंग जुळवला तरी तो टिकत नाही. ताज्या कापलेल्या सागवानात हिरवट-पिवळसर झाक असते, उजेडात ते हळूहळू सोनेरी तपकिरी होतं. अक्रोडाचं लाकूड उलट फिकं पडतं. लॅमिनेटवरचा छापील रंग मात्र बराच स्थिर राहतो. म्हणून आज जुळलेल्या वस्तू पुढे वेगळ्या दिसू लागतात. त्यातही थोडासा फरक सर्वांत वाईट, कारण तो जुळवायला जाऊन चुकल्यासारखा दिसतो. फिकट फरशीवर गडद शिसवी टेबल हा ठळक फरक मात्र मुद्दाम केलेला वाटतो.

गैरसमज: फक्त फिकट-गडद पाहिलं की पुरे.

वस्तुस्थिती: लाकडाची झाक जास्त महत्त्वाची. लाकडाशेजारी कोरा पांढरा कागद धरा, म्हणजे ती पिवळसर, लालसर की राखाडी हे लगेच कळतं. सागवान पिवळसर, शिसवी बहुधा लालसर तपकिरी. दोन्ही उबदार झाकेची. त्यांच्याखाली मधाळ ओक शोभतो. तोच ओक राखाडी झाकेचा असेल, तर शेजारचं सागवान नारिंगी दिसू लागतं. फरशी आधीच राखाडी असेल, तर कपाटाखाली सुती सतरंजी अंथरा, म्हणजे दोन्ही रंग थेट भिडणार नाहीत.

गैरसमज: रंग वेगवेगळे चालतात, मग टीव्ही युनिटला चौथा घेतला तरी काय बिघडलं?

वस्तुस्थिती: खोलीत एकदाच आलेला रंग उपरा वाटतो. युनिट शिसवीच्या जवळच्या गडद व्हीनिअरमध्ये केलं, तर गडद रंग टेबल आणि युनिट अशा दोन ठिकाणी येतो. सागवानासाठी एक-दोन फोटोफ्रेम किंवा छोटं स्टूलही पुरतं. मग तीनच रंग राहतात आणि फर्निचरच्या दोन्ही रंगांना जोडीदार मिळतो. रंग बदलायचाच असेल, तर जुनं कपाट पॉलिशने गडद करता येतं. फिकट करायचं, तर आधीचं पॉलिश पूर्ण घासून काढावं लागतं. लॅमिनेटवर तर लाकडाचा रंग मुरतच नाही, म्हणून फरशीकडून तडजोडीची अपेक्षा ठेवू नका.

सुताराला ऑर्डर देण्याआधी व्हीनिअरचा निदान फूटभर तुकडा पॉलिश करून घरी मागवा. युनिट जिथे येणार, तिथे तो भिंतीला टेकवून उभा ठेवा. एकदा दिवसाच्या उजेडात आणि एकदा रात्री दिवे लावून पाहा, कारण पिवळ्या दिव्यात लालसरपणा वाढतो आणि पांढऱ्या दिव्यात तोच रंग थंड दिसतो. दोन्ही वेळा पटला, तरच होकार द्या.