रात्री साडेअकराचा स्क्वॉड

बीजीएमआय, म्हणजे पूर्वीच्या पब्जीचा भारतातला अवतार, हा गोळीबाराचा खेळ आहे असं न खेळणाऱ्यांना वाटतं. खेळणाऱ्याला विचारा, गोळीबार त्यात थोडाच असतो. एरँगल नावाच्या मोठ्या नकाशावर शंभर जण उतरतात आणि सामना शेवटपर्यंत गेला तर अर्धा तास चालतो. त्यातली बरीच मिनिटं लॉबीत वाट पाहण्यात, विमानात बसण्यात, रिकाम्या घरांतून बंदुका आणि औषधं गोळा करण्यात आणि गाडीतून सुरक्षित वर्तुळाकडे पळण्यात जातात. लवकर मेलेला गडी तर उरलेल्या साथीदारांचा खेळ नुसता पाहत बसतो. माईक मात्र या सगळ्या वेळात चालू असतो. मेलेल्याचासुद्धा.

प्रेम जुळतं ते या रिकाम्या मिनिटांत. चकमक चालू असताना बोलणं फक्त कामापुरतं असतं: शत्रू कुठल्या दिशेला, कोण नॉक झालं, कुणाकडे औषध उरलंय. चकमक संपली की हात लूट उचलत असतात आणि तोंड मोकळं असतं. चार बायका भाजी निवडायला बसल्या की समोरासमोर कधी न निघालेले विषय निघतात, तसंच हे. नजर दुसरीकडे असली की बोलणं सोपं जातं.

फोनला कारण लागतं. ‘सहज केला’ म्हणणाऱ्याच्या मनातही ते असतंच, आणि समोरच्यालाही ते कळतं. स्क्वॉडच्या लॉबीत किंवा डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनेलमध्ये मात्र कारण न सांगता येऊन बसता येतं. २०१५ साली सुरू झालेलं डिस्कॉर्ड मुळात खेळाडूंसाठीच होतं. त्यातली बोलायची खोली कायम उघडी असते आणि आत कोण बसलंय ते बाहेरून दिसतं. तिचं नाव तिथे दिसलं म्हणून तो आत शिरला, यात त्याने काही जाहीर केलं असं होत नाही. नकार मिळण्याची भीतीही नाही, कारण त्याने काही मागितलेलंच नसतं. संकोची माणसांची प्रेमं इथे का जुळतात, याचं निम्मं उत्तर मला या उघड्या खोलीत दिसतं.

एक नमुन्याचा स्क्वॉड डोळ्यांपुढे आणू. मुलगी सांगलीची, पुण्यात नोकरीला, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहणारी. मुलगा नाशिकचा, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळणारा. तिसरा त्याचा आतेभाऊ आणि चौथा तिचा कॉलेजातला मित्र. या दोघांची ओळख होती म्हणून चौघांचा स्क्वॉड झाला. दुकान बंद होऊन जेवणं उरकली की साडेअकराला जमायचं, असं ठरलेलं. पहिले काही आठवडे सगळे एकमेकांना खेळातल्या आयडीने हाक मारतात. बोलणं निम्मं हिंदी असतं, कारण अनोळखी गड्यांबरोबर खेळून तीच सवय लागलेली असते.

मग माईकमधून घरं आत येऊ लागतात. त्याची आई दाराशी येऊन “अरे, झोप की आता” म्हणते. तिच्याकडे पंख्याची घरघर ऐकू येते, मैत्रीण मागून चहाला विचारते. शब्दांनी कुणी काही सांगितलेलं नसतं, पण महिन्याभरात त्याला कळतं की गुरुवारी तिचा आवाज दमलेला असतो, आणि तिला कळतं की वडिलांचा विषय निघाला की तो गप्प होतो. एके दिवशी ती ऑनलाइन येते, नेहमीसारखी हसते आणि तो विचारतो, “ऑफिसात काही झालं का?” बाकी दोघांना काहीच जाणवलेलं नसतं.

नुसत्या आवाजावरून एवढं कळतं का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल क्राउस यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दुसऱ्याच्या भावना ओळखायला सांगितलं होतं. चेहरा आणि आवाज दोन्ही मिळालेल्यांपेक्षा नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी त्या अधिक अचूक ओळखल्या. चेहऱ्यावर हसू आणणं आपण लहानपणापासून शिकतो, आवाज तितका ताब्यात राहत नाही. त्याआधी, २००७ साली, दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळातल्या संघांवर प्रयोग केला. काही जणांना बोलण्याची सोय दिली आणि बाकीच्यांना नुसतं लिहिण्यावर ठेवलं. बोलणाऱ्यांमधली आपुलकी आणि विश्वास लिहिणाऱ्यांपेक्षा सरस निघाला. त्या खेळात सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं लागत. ती जमवायची तर वार आणि वेळ बांधून घ्यावी लागे. तेच लोक, तीच वेळ, पुन्हापुन्हा, आणि कानात आवाज. आपल्या साडेअकराच्या स्क्वॉडची बांधणी तीच आहे, फक्त हातात संगणकाऐवजी मोबाइल आहे.

दोघांत काही शिजतंय हे त्या दोघांच्या आधी उरलेल्या दोघांना कळतं, आणि बोलण्यावरून नाही, खेळण्यावरून कळतं. एडब्ल्यूएम ही लांब पल्ल्याची जबर बंदूक विमानातून पडणाऱ्या पेटीत मिळते. ती स्वतःच्या हातात आलेली असताना तिच्यासाठी खाली ठेवणं, लेव्हल थ्रीचं हेल्मेट काढून देणं, या गोष्टी फुकट होत नाहीत. सगळ्यात मोठी खूण रिव्हाइव्हची. ती पोचिंकीबाहेरच्या उघड्या मैदानात नॉक होते. तिला उठवायला दहा सेकंद तिच्याशेजारी गुडघ्यावर बसावं लागतं आणि समोरच्या गच्चीवर शत्रू आहे. हिशोबाने तिला सोडून द्यायला हवं. तो धुराचे गोळे फेकतो, धावत जातो आणि दोघंही मरतात. “तिच्यासाठी मॅच घालवलीस, भावा,” आतेभाऊ म्हणतो. आणि यावर ती दोघं भांडत नाहीत, हसतात, तेव्हा चौथाही काय ते समजतो.

पुढचा टप्पा ठरलेला. बाकीचे दोघं झोपायला जातात, ही दोघं ‘एक शेवटची’ म्हणून थांबतात. मग शेवटची मॅच सुरूच होत नाही, लॉबीत दोन पात्रं उभी असतात आणि पहाटेचे दोन वाजतात. स्क्वॉडला याचा त्रास होतो, हेही सांगायला हवं. रँक वर न्यायची असते तेव्हा दोघं डुओ खेळत असतात. दोघांचं बिनसलं तर कुणी संघ सोडायचा, हा प्रश्न चौघांपुढे येतो. बहुतेकदा मुलगी सोडते. हे मला पटत नाही, पण घडतं तसंच.

मुलींचा मुद्दा इथेच सांगतो. अनोळखी गड्यांबरोबर खेळताना पुष्कळ मुली माईक बंदच ठेवतात. आवाज मुलीचा आहे हे कळताच शेरे, नंबरची मागणी, नाहीतर शिव्या सुरू होतात. त्यामुळे जो मुलगा तिचा आवाज ऐकूनही फक्त ‘डावीकडे बघ’ एवढंच म्हणतो, तो लक्षात राहतो. पुढच्या सगळ्याची सुरुवात बऱ्याचदा या साध्या सभ्यतेतून होते. ती एवढी दुर्मिळ असावी, ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

आवाजातून कळलेलं खरं असतं, पण ते अपुरं असतं. हरल्यावर तो कसा वागतो, कच्च्या साथीदारावर ओरडतो का, चूक झाली की इंटरनेटवर ढकलतो का, हे शंभर सामन्यांत लपत नाही. डेटिंगच्या ॲपवर आधी फोटो पाहतात आणि स्वभाव मागाहून कळतो. इथे क्रम उलटा आहे. न कळणारी बाजू दिवसाची. तो सकाळी किती वाजता उठतो, पैसे कसे वापरतो, घरच्यांपुढे तिच्या बाजूने उभा राहील का, यातलं काहीच रात्री साडेअकराला दिसत नाही. मोकळ्या जागा आपण आपल्या सोयीने भरतो. जोसेफ वॉल्थर या संवाद अभ्यासकाने १९९६ सालीच लिहून ठेवलं होतं की न पाहता बोलणारी माणसं एकमेकांना कधीकधी समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही जास्त जवळची आणि चांगली मानू लागतात. त्यात रात्रीच्या जागरणाची भर. दोन वाजता सगळ्यांचीच मनं मऊ असतात.

एक परीक्षा भारतातल्या खेळाडूंनी नकळत दिली आहे. सप्टेंबर २०२०मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. बीजीएमआय आलं ते जुलै २०२१मध्ये. मधल्या काळात काही स्क्वॉड दुसऱ्या खेळांकडे गेले आणि काही विरले. ज्या दोघांचं बोलणं खेळ नसतानाही चालू राहिलं, त्यांच्यात खेळापलीकडचं काही होतं. ही परीक्षा बंदीची वाट न पाहता घेता येते. पंधरा दिवस खेळ बंद ठेवायचा, दुपारी बोलायचं, व्हिडिओवर बोलायचं. बोलायला काही उरतं का, ते दिसेल. उरलं तर दिवसाढवळ्या, गर्दीच्या जागी, स्क्वॉडमधल्या कुणाला तरी बरोबर घेऊन भेटावं. आमच्या नमुन्यातल्या दोघांना ते सोपं आहे, कारण आतेभाऊ आणि कॉलेजमित्र हे दोन्हीकडचे साक्षीदार आहेत. रँडम सामन्यातून ओळख झालेल्यांना तशी खातरजमा करून देणारं कुणी नसतं, म्हणून त्यांनी दुप्पट सावकाश जावं.

या ओळखी किती दूर जाऊ शकतात, ते २०२३ साली देशाने पाहिलं. पब्जीवर ओळख झालेल्या भारतीय तरुणासाठी एक पाकिस्तानी महिला चार मुलांना घेऊन नेपाळमार्गे दिल्लीजवळ येऊन राहिली. दोघांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. वाहिन्यांनी त्याचा तमाशा केला. त्या गदारोळात आपल्याकडे जे रोज घडू शकतं ते झाकलं गेलं: खेळातली नाणी भेट म्हणून मागणं, आयडीचा पासवर्ड घेणं, खासगी फोटो मिळवून धमकावणं. आवाज बदलणारी ॲपही आहेत, त्यामुळे व्हिडिओवर यायला सतत टाळणाऱ्याचं वय आणि नाव दोन्ही खोटं असू शकतं.

घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल रात्री हेडफोन लावून कुणाशी हळू आवाजात बोलत असेल, तर मोबाइल हिसकावू नका. स्क्वॉडमध्ये कोणकोण आहे ते विचारा आणि त्यांच्याशी एकदा स्पीकरवर बोला. चांगल्या स्क्वॉडला काकूंचा आवाज नवा नसतो. अठराखालच्या मुलामुलींच्या बाबतीत कायदा संमती मानत नाही, हे समोरच्या सज्ञान माणसालाही ठाऊक हवं. आणि कुणी पैसे उकळले किंवा फोटोवरून धमकावलं, तर लाजून गप्प न बसता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. चॅट आणि स्क्रीनशॉट पुसू नका, पोलिसांना तेच लागतात.